रिटेन्शन, वाढ आणि तुलना: कुठे कोणता चार्ट ठेवावा

मार्केटिंग, सपोर्ट, हिशेब अशा विभागांतल्या माणसांसाठी चार्ट निवडताना ‘कोणता जास्त माहिती देतो’ हा प्रश्न बाजूला ठेवा. घाईत बघणारा त्यातून कोणता चुकीचा अर्थ काढेल आणि तो किती महागात पडेल, हे आधी बघा. रिटेन्शनमध्ये, म्हणजे आलेल्यांपैकी टिकले किती यात, असे घोळ सर्वात जास्त होतात. म्हणून तिथूनच सुरुवात करू.

समजा एका अ‍ॅपचे हे आकडे आहेत. डावीकडे माणसं कोणत्या महिन्यात आली ते, पुढे त्यांच्यातले किती टक्के अजून अ‍ॅप वापरतात ते.

| आले तो महिना | नवे वापरकर्ते | एका महिन्याने | दोन महिन्यांनी | तीन महिन्यांनी |
|---|---|---|---|---|
| जानेवारी | १,००० | ५०% | ४०% | ३६% |
| फेब्रुवारी | १,५०० | ४५% | ३५% | – |
| मार्च | २,२०० | ३८% | – | – |
| एप्रिल | ३,००० | – | – | – |

बहुतेक डॅशबोर्डवर सर्वात वर असतो तो एकूण सक्रिय वापरकर्त्यांचा लाइन चार्ट. इथे तो १,०००, २,०००, ३,२७५, ४,७२१ असा झोकात वर जातो. खोटं काहीच नाही, पण टिकण्याबद्दल तो एक अक्षर बोलत नाही. दर महिन्याला आधीपेक्षा जास्त नवे लोक येत असले की गळती त्यांच्या आड लपते. नवी भरती थांबली की मग एकदम उघडी पडते. म्हणून हा चार्ट रिटेन्शनच्या मथळ्याखाली ठेवूच नये.

दुसरा पर्याय सरासरी रिटेन्शनच्या रेषेचा. दिसायला सोपी, म्हणून सगळ्यांची आवडती. माझ्या मते सर्वात धोकादायक हीच. वरच्या गटांतली सगळी माणसं एकत्र धरून सरासरी काढली तर एका महिन्याने साधारण ४३%, दोन महिन्यांनी ३७%, तीन महिन्यांनी ३६% येते. रेषा बघून कोणीही म्हणेल, ‘पहिल्या महिन्यानंतर फक्त सहा टक्के-अंकांची घट, पुढे तर जवळजवळ सपाट. छान स्थिरावतंय.’ आता तक्ता पुन्हा बघा. जानेवारीचा गट पहिल्या आणि दुसऱ्या टप्प्यादरम्यान दहा अंकांनी घसरला, फेब्रुवारीचाही दहानेच. मग सरासरी सहाच अंकांनी कशी पडली? कारण सर्वात कमकुवत असलेला मार्चचा गट पहिल्या बिंदूत मोजला गेला, पण त्याचा दुसरा महिना अजून उजाडलेलाच नाही. पुढचे बिंदू फक्त जुन्या, चांगल्या गटांचे आहेत. तिसरा बिंदू तर एकट्या जानेवारीचा. हा दोष ओळखायची खूण सोपी आहे: प्रत्येक बिंदूखाली तो किती माणसांवरून काढला ते लिहून बघा. इथे ४,७००, २,५०० आणि १,००० असे आकडे येतील. ते उजवीकडे असे घटत असतील, तर रेषेचं शेपूट एकाच लोकसमूहाचं नाही. सरासरी हवीच असेल, तर सर्व टप्पे पूर्ण केलेलेच गट घ्या.

तिसरा पर्याय हीटमॅप, म्हणजे वरचाच तक्ता रंगवलेला. विश्लेषकाला तो प्रिय असतो आणि ते रास्तही आहे. आडव्या ओळीत एका गटाचा प्रवास दिसतो, उभ्या रकान्यात गटागटांची तुलना दिसते, आणि एखाद्या कॅलेंडर महिन्यात सगळ्यांनाच बसलेला फटका तिरक्या पट्ट्यात दिसतो. पण हे तिरकं वाचन कोणी शिकवल्याशिवाय जमत नाही. त्यात खालचा उजवा कोपरा रिकामा असतो आणि नवख्याला वाटतं, तिथले सगळे सोडून गेले. तो कोपरा पांढरा सोडू नका. करडा करून त्यावर ‘अजून महिना यायचा आहे’ असं लिहा. शिवाय आल्या महिन्याचा रकाना काढून टाका. तिथे कायम १००% असतात, त्यामुळे रंगांची सगळी ताकद तोच खातो आणि ५० व ३८ यांतला फरक डोळ्याला कळेनासा होतो.

बिगर-तांत्रिक टीमसाठी मी याहून साधा चार्ट घेईन: फक्त ‘एका महिन्याने किती टिकले’ हा रकाना, आडव्या अक्षावर आले तो महिना. तीन बिंदू: ५०, ४५, ३८. उतरती रेषा बघून कोणालाही कळतं की नवे येणारे आधीच्यांपेक्षा लवकर जाताहेत. त्याला मर्यादा आहे, दीर्घकाळ कोण राहतं हे तो सांगत नाही. म्हणून खाली ‘तीन महिन्यांनी’चा दुसरा छोटा चार्ट द्या, त्यात सध्या एकच बिंदू असला तरी. चालू महिना अपुरा असेल तर तो बिंदू दाखवूच नका. रेषेचं शेवटचं टोक खाली वाकलं की बैठकीचा अर्धा वेळ त्यावरच जातो.

वाढ दाखवताना निवड एकत्रित बेरीज, दर महिन्याची भर आणि वाढीचा दर यांत असते. एकूण नोंदण्यांची रेषा वरच्या आकड्यांत १,०००, २,५००, ४,७००, ७,७०० अशी जाते. ही बेरीज कधी खाली येऊच शकत नाही, अगदी पुढच्या महिन्यात दहाच माणसं आली तरी. त्याऐवजी दर महिन्याच्या नव्यांचे उभे बार ठेवा आणि प्रत्येक बारवर आधीच्या महिन्यापेक्षा किती टक्के जास्त ते लिहा: ५०, ४७, ३६. बार उंच होताहेत पण वेग मंदावतोय, या दोन्ही गोष्टी एकाच नजरेत येतात. लॉग अक्षावर समान अंतर म्हणजे समान टक्केवारी, त्यामुळे वेग मंदावणं तिथे नेमकं दिसतं. पण सवय नसलेला माणूस त्यावरची उंची साध्या पट्टीने मोजतो. तो विश्लेषकांपुरता ठेवा. बार आणि टक्क्यांची रेषा दोन वेगळ्या अक्षांवर एकत्र कोंबण्याचा मोहही टाळा. त्या दोघांची एकमेकांना छेद देण्याची जागा अक्ष कसे आखले यावर ठरते, आणि लोक नेमका त्या छेदालाच अर्थ चिकटवतात.

तुलनेचं काम सर्वात सोपं. क्लीव्हलँड आणि मॅकगिल यांनी १९८४ साली प्रयोग करून मांडलं की एकाच पट्टीवरची जागा माणसं सर्वात अचूक ओळखतात. कोन आणि क्षेत्रफळ ओळखण्यात जास्त चुकतात. म्हणजे पाय चार्टपेक्षा आडवे बार, मोठ्यापासून लहानाकडे लावलेले. नावं लांब असली तरी आडव्या बारमध्ये नीट मावतात. थरांचे बार मात्र जपून वापरा, कारण त्यात फक्त तळाचा थर एकमेकांशी ताडून बघता येतो, वरचे सगळे वेगवेगळ्या उंचीवरून सुरू होतात.

बारचा अक्ष शून्यापासूनच हवा. फेब्रुवारीच्या गटाचे ४५% आणि मार्चच्या गटाचे ३८% हे बार ३५ पासून सुरू केले, तर एक दहा अंक उंच दिसेल आणि दुसरा तीन; फरक सात अंकांचाच, पण डोळ्याला पहिला बार दुसऱ्याच्या तिपटीहून उंच वाटेल. फरक बारीक आहे आणि तोच दाखवायचा आहे, असं असेल तर बार सोडून ठिपके वापरा. ठिपक्याला लांबी नसते, त्यामुळे अक्ष ३५ पासून सुरू झाला तरी कोणी पटी मोजत नाही. गटांचे आकार फार वेगळे असतील, तर नावाशेजारी माणसांची संख्याही लिहा. वीस जणांच्या गटात एक माणूस कमी झाला तरी आकडा पाच अंकांनी हलतो.