नागपूरहून विमान की रेल्वे? बरोबरीचं अंतर

घरून सोनेगाव विमानतळ अर्धा तास, तिथे दीड तास आधी हजर, धावपट्टीवर नि चढ-उतारात अर्धा, उतरल्यावर बॅगेला अर्धा, मग शहरात शिरायला एक. उडण्याआधी-नंतरचे हे चार तास ठरलेलेच. रेल्वेला असा एकच तास लागतो, कारण स्टेशन गावातच आहे. म्हणजे गाडी तीन तास पुढे.

ही आघाडी किती पुरते? विमान ताशी 750 किमी धरा. अजनी–पुणे वंदे भारत 881 किमीला 12 तास घेते, म्हणजे सरासरी साधारण 75.

`3 ÷ (1/75 − 1/750) = 250 किमी`

त्यापलीकडे विमान जिंकतं. पुण्याला तर गाडीने 13 तास, विमानाने जेमतेम पाच, कारण गाडी मनमाड-दौंडचा वळसा घेते नि विमान सरळ जातं. हिशेबात दोघांचं अंतर एकच धरलंय, तेव्हा वळशाच्या मार्गावर बरोबरी 250च्याही आत येते.

गाडीचा कमाल वेग बघून फसू नका, सरासरीच धरा. ती 150 झाली तर बरोबरी 560 किमीवर जाते, 250 झाली तर 1125 वर. मग पुणंही गाडीचंच.