आत्याच्या गुलाबाला उत्तर काय? बदाम, शब्द की उलट गुलाब

आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आम्ही 22 जण आहोत. सकाळी सहाला आत्याचा दव पडलेला गुलाब येतो, मागोमाग मोठ्या काकांचं कमळ, आणि नऊ वाजेपर्यंत आणखी दोन-तीन फुलं. रोजच्या या फुलांचं करायचं काय, हा प्रश्न तुम्हालाही पडत असेल तर निवड करताना एकच गोष्ट आधी बघा: तुमच्या उत्तराने कुणाकुणाचा फोन वाजतो.

समजा, आत्याच्या गुलाबाला बाकीच्या 21 जणांनी ‘शुभ सकाळ’ लिहून पाठवलं. प्रत्येक उत्तर पाठवणारा सोडून उरलेल्या 21 फोनांवर जातं. म्हणजे 441 सूचना, आणि त्याही बरेच जण झोपेत असताना. त्याऐवजी सगळ्यांनी गुलाबावर बोट दाबून ठेवून बदामाची प्रतिक्रिया दिली तर सूचना फक्त आत्याला जाते. एकूण 21, त्याही तिलाच हव्या असलेल्या. फुलाखाली बदाम सगळ्यांना दिसतात, पण कुणाची झोप मोडत नाही. 2022 साली ही सोय आली, तेव्हापासून लिहून उत्तर देण्याचं रोजचं कारण माझ्या मते संपलं.

उलट फूल पाठवणं हा सगळ्यात महागडा पर्याय. त्याने फोन तर सगळ्यांचे वाजतातच, शिवाय ते चित्र ज्यांचं ऑटो डाउनलोड चालू आहे त्या प्रत्येकाच्या फोनमध्ये जाऊन बसतं. आणि एकदा तुम्ही फूल पाठवलंत की तुमच्याकडूनही रोजची अपेक्षा सुरू होते. काकांचं कमळ असंच सुरू झालं होतं, आत्याला उत्तर म्हणून.

मग गप्प बसलं तर? गप्प राहणं वाटतं तितकं अदृश्य नसतं. निळ्या खुणा सेटिंगमधून बंद केल्या तरी ग्रुपमध्ये त्या बंद होत नाहीत. पाठवणाऱ्याने आपल्या मेसेजची माहिती उघडली की कुणी वाचलं याची यादी नावानिशी समोर येते. आत्या ती यादी बघते का? बघते. चष्मा लावून बघते. तरी गप्प राहिल्याने सहसा कुणी दुखावत नाही. दुखावतं ते भेदभावाने. आत्याच्या गुलाबाला बदाम आणि त्याखालच्या काकांच्या कमळाला काहीच नाही, हे काकांच्या बरोबर लक्षात येतं. म्हणून रोज एकालाच देण्यापेक्षा आठवड्यातून एकदा सगळ्यांना द्यावं.

प्रतिक्रियेचा एक धोका मात्र खरा आहे. सवयीने बोट चालतं. एकदा दोन फुलांच्या मध्ये काकूंचा मेसेज होता, ‘रात्रीपासून दवाखान्यात आहोत, ह्यांना ताप उतरत नाही.’ त्यावर तिघांचे अंगठे उमटले होते, आणि त्यात एक माझा. प्रतिक्रियेवर परत टिचकी मारून ती काढता येते, पण तोवर काकूंनी बघितलेलं असतं. तेव्हापासून मी फुलं आधी वाचून मग दाबतो. बदामाशेजारीच हसून डोळ्यांत पाणी आलेला चेहरा असतो, तिथेही बोट घसरतं.

आवाजाचाच त्रास असेल तर ग्रुप म्यूट करा: आठ तास, एक आठवडा किंवा कायमचा. म्यूट केल्याचं कुणालाही कळत नाही. मात्र म्यूटने जागा वाचत नाही, चित्रं येतच राहतात. गॅलरीत फुलं दिसू नयेत म्हणून असलेली सोय चित्रं फक्त गॅलरीतून लपवते, फोनमध्ये ती असतातच. जागा हवी असेल तर सेटिंगमध्ये फोटोंचं ऑटो डाउनलोड बंद करावं लागतं. कायमचं म्यूट मी तरी करत नाही, कारण काकूंच्या त्या मेसेजसारखे मेसेजही त्याच ग्रुपवर येतात. रात्री झोपताना आठ तासांचं पुरतं.

ग्रुप सोडणं फक्त अ‍ॅडमिनला कळतं हे खरं, पण सोडलेल्यांची नावं ग्रुपच्या माहितीत 60 दिवस सगळ्यांना दिसतात. आणि अ‍ॅडमिन आमच्याकडे आत्याच आहे.

तर रोज गुलाब आवडो न आवडो, माझा हिशोब असा: इतर दिवशी काही नाही, रविवारी सगळ्यांना बदाम, आणि महिन्यातून एकदा आत्याच्या मेसेजवर ग्रुपमध्ये न लिहिता खासगीत दोन ओळी. ‘गुडघा कसा आहे?’ एवढं पुरतं. त्यावर ती फूल पाठवत नाही, फोन करते. मागच्या पावसाळ्यात दोन दिवस गुलाब आला नाही, तेव्हा आमच्यातल्या तिघांनी एकाच वेळी तिला फोन लावला होता. चार्जर बिघडला होता.