आईबाबांना "ॲप तुमचे फोटो बघू शकतं" हे कसं सांगायचं: बातमी दाखवून, सेटिंग उघडून, की फोटो शोधून दाखवून?

अडतं कुठे ते आधी बघू, कारण त्यावरच सगळं ठरतं. आपल्याकडच्या सत्तरीतल्या माणसाच्या हिशोबात फोटो दुसऱ्याला दिसायचा एकच मार्ग असतो, पाठवणं. व्हॉट्सॲपवर टाकला तर दिसला, नाही टाकला तर तो माझ्या फोनमध्ये आहे, विषय संपला. त्यामुळे "आई, हे ॲप तुझे सगळे फोटो बघू शकतं" असं म्हटलं की ती म्हणते, "मी कुठं पाठवलेत त्याला?" आणि तिच्या बाजूने ते अगदी बरोबर असतं. तुम्हाला समजवायचंय ते एवढंच की न पाठवताही दिसू शकतं, आणि बघणारा बहुतेक वेळा माणूस नसून प्रोग्रॅम असतो. ही दोन वाक्यं कोणत्या मार्गाने नीट पोचतात एवढाच प्रश्न आहे.

मी तीन मार्ग शेजारी ठेवतोय. चौथाही आहे, म्हणजे काही न सांगता फोन हातात घेऊन परवानग्या बंद करून टाकणं, पण त्यात पुढच्या चार दिवसांत "अरे माझे फोटो गेले कुठे, व्हॉट्सॲपमध्ये दिसतच नाहीत" असा फोन येतो आणि मग शेजारच्या मुलाकडून सगळं परत चालू करून घेतलं जातं, त्यामुळे तो सोडून देऊ.

पहिला मार्ग, बातमी. सगळ्यात सोपा आणि सगळ्यात जास्त वापरला जाणारा. लोन ॲपवाल्यांनी लोकांच्या गॅलरीतले फोटो उचलून, ते मॉर्फ करून नातेवाइकांना पाठवायच्या धमक्या दिल्या, हे प्रकार खरे आहेत. म्हणूनच रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर 2022 मध्ये डिजिटल कर्जाचे नियम काढले, त्यात कर्ज देणाऱ्या ॲपने फोनमधल्या फाइल्स, फोटो, कॉन्टॅक्ट असल्या गोष्टींना हात लावू नये असं आहे. गुगलनेही 31 मे 2023 पासून प्ले स्टोअरवरच्या पर्सनल लोन ॲपना फोटो आणि कॉन्टॅक्ट बघायला मनाई केली. हे सांगितलं की बाबा कान टवकारतात, कारण रिझर्व्ह बँक म्हटलं की त्यांना वजन वाटतं.

पण याची गंमत अशी की दोन्ही टोकांना चुकीचा धडा जातो. एक तर "मी कुठं कर्ज काढतोय, मला काय त्याचं" असं म्हणून विषय बंद, किंवा मग भीती बसते आणि बँकेचं खरं ॲपसुद्धा उडवलं जातं, पेन्शनची चौकशी करायला परत रिक्षा करून शाखेत जाणं सुरू. शिवाय बातमीतून "गॅलरी उचलली" एवढं कळतं, कशी उचलली ते कळत नाही, म्हणजे उद्या दुसऱ्याच कुठल्या ॲपने विचारलं तर बोट कुठे ठेवायचं हे माहीत नसतंच. माझ्या मते बातमी फक्त अशा माणसासाठी, जो ऐकायलाच बसत नाही. बसवण्यापुरती वापरा, समजवायला नको.

दुसरा मार्ग, सेटिंग. आपण पोरं साधारण हेच करतो कारण आपल्याला तेच येतं. सेटिंगमध्ये प्रायव्हसी, तिथे Permission manager, तिथे Photos and videos, आणि मग कुठल्या ॲपला परवानगी आहे त्याची यादी. (कंपनीप्रमाणे रस्ता थोडा बदलतो, सापडला नाही तर सेटिंगच्या सर्चमध्ये permission टाका.) यादी बघून काही जणांना खरंच धक्का बसतो, टॉर्चच्या ॲपला फोटो कशाला हवेत वगैरे. बाबा आयुष्यभर खतावण्या लिहिणारे, पावत्या फाइलला लावणारे असतील तर हा मार्ग चालतो, त्यांना यादी आवडते, एकेक ओळ विचारत जातात आणि निम्म्या बंद करतात.

बाकीच्यांना मात्र तो पडदा म्हणजे औषधाच्या पाकिटातला बारीक कागद. अजून एक अडचण अशी की तिथे हलताना काहीच दिसत नाही. अँड्रॉइड 12 पासून कॅमेरा किंवा माइक चालू झाला की वर कोपऱ्यात हिरवी खूण येते, ती आईला दाखवता येते, "बघ, आत्ता कॅमेरा चालू आहे". फोटोंसाठी तशी कोपऱ्यातली खूण नाही. ॲप गॅलरी चाळत असेल तर फोन गप्प. म्हणून सेटिंग दाखवून "परवानगी आहे" हे कळतं, पण "म्हणजे नक्की काय होतं" हे कळत नाही.

तिसरा मार्ग, प्रोग्रॅमला बघताना पकडून दाखवणं. माझं मत याच्या बाजूने आहे म्हणून याच्यावर जास्त बोलतो.

बऱ्याच आईबाबांच्या फोनमध्ये आधारचा फोटो असतो, पॅनचा असतो, पासबुकचं पहिलं पान असतं, आणि एखाद्या कागदावर लिहिलेला एटीएमचा पिनही. गुगल फोटोज उघडा आणि सर्चमध्ये government of india टाइप करा, आधार कार्डावर ते छापलेलं असतं. पॅनसाठी income tax. कार्ड वर येतं, हजारो गुड मॉर्निंगच्या फुलांमधून. आता आईला एकच विचारा, "या फोटोला आपण आधार असं नाव दिलं होतं का?" नव्हतं दिलं. मग त्याला कसं कळलं? त्याने फोटोतली अक्षरं वाचली. इथे आईचा चेहरा बदलतो, कारण ही तिच्या फोनवर, तिच्या कार्डाची, तिच्या समोर झालेली गोष्ट आहे. पुढचा प्रश्न ठरलेला, "मग कोण बसलंय तिकडे बघत?" कोणी बसलेलं नाही, मशीन वाचतं, हे इथेच सांगायचं, नाहीतर रात्रभर डोक्यात राहतं की कुणीतरी आपल्या नातवाचे फोटो बघतोय.

आधी स्वतः करून बघा हां. बॅकअप बंद असला किंवा फोटो धूसर असला तर सर्चमध्ये काही येत नाही, आणि मग बाबा म्हणतात "बघ, दिसत नाही म्हणतोय ना", की झालं.

पण एवढ्यावर थांबलात तर आई गुगल फोटोजलाच चोर समजेल. ते ॲप फोटो ठेवायलाच दिलंय, त्याने वाचणं हे त्याचं काम. मुद्दा असा की "सगळे फोटो" ही परवानगी दिलेलं कुठलंही ॲप हेच करू शकतं. करतंच असं नाही, करू शकतं. बाबा पुरावा मागणारे असतील तर सांगा, फेब्रुवारी 2025 मध्ये कॅस्परस्की या सुरक्षा कंपनीने स्पार्ककॅट नावाचा प्रकार उघड केला, त्यात गुगल आणि ॲपल दोघांच्याही स्टोअरवरची काही ॲप गॅलरीतल्या फोटोंमधली अक्षरं वाचून क्रिप्टो वॉलेटचे गुप्त शब्द शोधत होती. बाबांकडे क्रिप्टो नाही, पण ज्या पद्धतीने ते शब्द सापडतात त्याच पद्धतीने पिनचा कागदही सापडतो.

आता पुढची पायरी, आणि हीच खरी. एखादं गणपतीच्या शुभेच्छांच्या फ्रेमचं ॲप घ्या, आईला मूर्तीच्या खाली स्वतःचा फोटो टाकून ग्रुपवर पाठवायचाय. फोटो निवडायला गेलं की ॲप विचारतं, आणि अँड्रॉइड 14 किंवा पुढचा फोन असेल तर तीन पर्याय येतात: Allow all, निवडक फोटोंचा पर्याय (फोनप्रमाणे Select photos and videos किंवा Allow limited access), आणि Don't allow. आयफोनवर हीच सोय 2020 च्या आयओएस 14 पासून आहे. आईला म्हणा, "पाहुण्याला तुझा एक फोटो बघायचाय, तर कपाटातला अख्खा अल्बम हातात देतेस की एक फोटो काढून देतेस?" मग निवडकवाला पर्याय दाबून तिला एकच फोटो निवडू द्या. आणि आता त्या ॲपच्या आतली गॅलरी उघडून दाखवा, तिथे तेवढा एकच फोटो दिसतो. बाकीचे फोनमध्ये आहेत, त्याला दिसत नाहीत. आधारच्या सर्चने "बघू शकतं" कळलं, या एका फोटोने "थांबवता येतं" कळलं.

काही ॲप परवानगी विचारतच नाहीत, सरळ खालून फोटोंची पट्टी वर येते आणि तुम्ही निवडाल तेवढाच फोटो ॲपला मिळतो. ते चांगलंच आहे, पण आई गोंधळते की "याला तर सगळे दिसतायत की". तिला सांगायचं, ती पट्टी फोनची आहे, ॲपची नाही. हे पहिल्यांदा पटेलच असं नाही, सोडून द्या, नुकसान काही नाही.

तिसऱ्या मार्गाची खरी अडचण फोनच्या वयाची. आपण नवीन घेतो आणि जुना आईला देतो. अँड्रॉइड 13 किंवा त्याच्या आधीचा फोन असेल तर तो निवडक फोटोंचा पर्यायच येत नाही, सगळे किंवा काहीच नाही. तिथे मग आधारची सर्च दाखवायची, आणि उपाय म्हणून अनोळखी ॲपला नाही म्हणायचं एवढाच नियम ठेवायचा. फोनचं व्हर्जन About phone मध्ये बघून घ्या, म्हणजे नसलेलं बटण शोधत बसायला नको.

दुसरी अडचण, तुम्ही पुण्यात किंवा न्यू जर्सीत आणि आई सांगलीत. व्हिडिओ कॉलवर स्क्रीन शेअर करून शिकवायचा मोह होतो. मी सांगेन नका करू, कारण "स्क्रीन दाखवा, मी सांगतो ते दाबा" हीच तर फसवणाऱ्यांची रीत, आणि आपणच तिची सवय लावायची नाही. लांबून शिकवताना सर्च तिला स्वतःला करू द्या आणि काय दिसलं ते तोंडाने सांगू द्या, वेळ लागतो पण चालतं. सेटिंगचा मार्ग फोनवरून करणं मात्र जवळजवळ अशक्य, ते पुढच्या भेटीत.

कुठलाही मार्ग घेतलात तरी एक गोष्ट स्पष्ट सांगा: परवानगी काढून घेतली की पुढचं बघणं थांबतं, आधी एखाद्या ॲपने कॉपी करून नेलेलं परत येत नाही. म्हणून समजावून झालं की त्याच बैठकीत पिनचा फोटो डिलीट करा आणि गुगल फोटोजच्या ट्रॅशमधूनही काढा, बॅकअप झालेला फोटो तिथे 60 दिवस पडून असतो. आणि पिन बदलून टाका. आधारच्या फोटोऐवजी मास्क्ड आधार डाउनलोड करून ठेवा, त्यात शेवटचे 4 आकडेच दिसतात, लॉजवाल्याला वगैरे बहुतेक ठिकाणी तेवढं पुरतं.