दोन स्तंभांचा रेझ्युमे ठेवावा की एका स्तंभात आणावा?

माझ्या भाच्याने मेकॅनिकल डिप्लोमानंतर कुपवाड एमआयडीसीतील दोन कारखान्यांत मिळून चार वर्षे गुणवत्ता तपासणीचे काम केले आहे आणि आता तो चाकणकडच्या नोकऱ्यांसाठी अर्ज करतो आहे. त्याचा रेझ्युमे तयार नमुन्यावर बेतलेला होता. डावीकडे गडद निळी पट्टी होती आणि तीत फोटो, फोन व ईमेलची चित्रे, कौशल्यांपुढे भरलेली वर्तुळे, भाषा आणि छंद होते, तर उजवीकडे उद्दिष्ट, अनुभव आणि शिक्षण होते. तो तसाच पाठवावा की एका स्तंभात आणावा, हे ठरवण्यासाठी आम्ही दोन्ही प्रती शेजारी ठेवून पाहिल्या.

खरा फरक दिसण्यात नसून वाचनाच्या क्रमात आहे. पीडीएफमध्ये अक्षरे पानावर कोणत्या जागी बसवायची याची नोंद असते. हा मजकूर पट्टीतला आणि तो बाहेरचा, हे फाइलला सहसा ठाऊक नसते. त्यामुळे ऑनलाइन अर्जाची प्रणाली मजकूर काढून घेते तेव्हा ती कधी आधी संपूर्ण पट्टी वाचते, तर कधी पानाच्या रुंदीभर एकेक ओळ उचलते. हे घरी पडताळता येते: पीडीएफ उघडून Ctrl+A आणि Ctrl+C दाबावे व मजकूर नोटपॅडमध्ये चिकटवावा. भाच्याच्या प्रतीतून असे काहीसे निघाले:

```
AutoCAD  Quality Engineer
Cricket  2022 - 2024, Kupwad
```

हुद्दा ऑटोकॅडला जोडला गेला होता आणि नोकरीची वर्षे क्रिकेटला. वर्तुळे तर आलीच नाहीत, कारण ती अक्षरे नसून आकृत्या होत्या. ती आली असती तरी पाचापैकी चार वर्तुळे म्हणजे किती येते, हे वाचणाऱ्याला कळले नसते.

माणसाच्या डोळ्यालाही हाच अडथळा होतो. ए-४ कागदाची रुंदी २१ सेंटीमीटर असते. सात सेंटीमीटर पट्टीत गेले आणि समास सोडले की अनुभवासाठी जेमतेम अकरा-बारा सेंटीमीटर उरतात. ओळी तुटत राहिल्याने शिक्षण दुसऱ्या पानावर गेले आणि तिथे रिकामी निळी पट्टी फुकट शाई खात बसली. काळ्या-पांढऱ्या झेरॉक्सवर पट्टीतला पांढरा फोन नंबर वाचता येईना, हे तर आम्हाला सांगलीतल्या दुकानातच दिसले.

एका स्तंभात आणताना आम्ही पट्टीतला मजकूर आहे त्याच क्रमाने नुसता ओतला नाही. तसे केल्यास भाषा आणि छंद अनुभवाच्या आधी येतात आणि जुनाच गोंधळ उभा राहतो. सर्वांत वर नाव आणि त्याखाली एकाच ओळीत फोन, ईमेल व गाव घेतले. ही ओळ वर्डच्या हेडरमध्ये न ठेवता मुख्य मजकुरातच ठेवली, कारण काही प्रणाली हेडर वाचत नाहीत. त्यानंतर अनुभव, मग शिक्षण आणि शेवटी कौशल्ये आली. उद्दिष्टाचा परिच्छेद, फोटो आणि छंद काढले. हुद्दा व कारखाना डावीकडे आणि वर्षे त्याच ओळीत उजव्या कडेला घेतली, पण मध्ये स्पेस देत न बसता उजव्या बाजूचा टॅब वापरला, म्हणजे फॉन्ट बदलला तरी वर्षे हलत नाहीत.

सर्वाधिक वेळ कौशल्यांवर गेला. पट्टीत ‘मापन उपकरणे’ पुढे चार वर्तुळे होती. त्याऐवजी त्या नोकरीखाली, व्हर्निअर, मायक्रोमीटर आणि बोअर गेजने मशीन केलेल्या भागांची तपासणी करून अहवाल लिहिला, असे वाक्य आले. मूळ रेझ्युमे इंग्रजीत असल्याने ते इंग्रजीतच लिहिले. उपकरणांची नावे शेवटच्या कौशल्यांच्या ओळीतही ठेवली, कारण जाहिरातीतले शब्द शोधणारी व्यक्ती तिथेच नजर टाकते.

एका स्तंभालाही उणीव आहे. दोन सेंटीमीटरच्या समासात ओळ सतरा सेंटीमीटर लांब होते आणि अकरा पॉइंटच्या अक्षरात इतक्या लांब ओळी सलग वाचताना नजर पुढची ओळ चुकते. म्हणून आम्ही समास अडीच सेंटीमीटर केले आणि प्रत्येक मुद्दा शक्यतो दीड ओळीत संपवला. तरीही सगळे एका पानात बसले आणि नोटपॅडमध्ये हुद्दा, कारखाना व वर्षे एकत्र आली.

कुपवाडमधल्या ओळखीच्या मालकाच्या हातात कागद द्यायचा असेल तर जुन्या प्रतीने फारसे बिघडत नाही, फक्त पट्टीचा रंग फिका करावा. ग्राफिक डिझायनरची गोष्टही वेगळी वाटू शकते, परंतु त्याची कला पोर्टफोलिओत दाखवता येते आणि पोर्टलवर रेझ्युमे चढवताना त्याच्याही फाइलचे शब्द तसेच उचलले जातात. भाच्याने पोर्टलसाठी व ईमेलसाठी एका स्तंभाची प्रत ठेवली आहे; निळ्या पट्टीची प्रत मात्र त्याने अजून पुसलेली नाही, तिच्यावर त्याचे दोन रविवार गेले होते.