एलओआय हातात आलं म्हणून पाईप कापायला घेऊ नका

आमचं गुहागरकडे छोटं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे. मागच्या वर्षी समुद्रालगतच्या एका रिसॉर्टचं बाल्कनी रेलिंगचं काम आलं, १८ लाखांचं. तीन कोटेशनमधून आमचं सिलेक्ट झालं आणि मेलवर लेटर ऑफ इंटेंट म्हणजे एलओआय आलं, लेटरहेडवर, सहीशिक्क्यानिशी. घरात सगळे खूश.

वर त्यांच्या परचेसवाल्याचा फोन, "करार पंधरा दिवसात होईल हो, पण पावसाच्या आधी बसवायचंय, तुम्ही माल उचला." मी विश्वास ठेवला. खाऱ्या हवेत ३०४ स्टेनलेसला पण गंजाचे डाग पडतात म्हणून कोटेशनमध्ये ३१६ धरलं होतं, ते महाग. कोल्हापूरच्या डीलरकडून ४ लाख ६० हजारांचा पाईप उधारीवर आणला आणि निम्मा त्यांच्या ड्रॉइंगप्रमाणे कापून पण झाला.

मग फोन आला, मॅनेजमेंट म्हणतेय १५ टक्के कमी करा नाहीतर दुसऱ्याला देऊ. म्हणजे २ लाख ७० हजार, माझी सगळी मजुरीच गेली त्यात. माल कापलाय हे त्यांना पक्कं माहीत होतं, कारण फोटो मीच पाठवले होते! मी नाही म्हटलं, काम दुसऱ्याला गेलं.

रत्नागिरीच्या वकिलांनी पत्र वाचून दाखवलं तेव्हा कळलं, मी फक्त "निवड झाली" आणि रक्कम एवढंच वाचलं होतं. खाली लिहिलेलं की करार करण्याचा इरादा आहे, लेखी करार आणि मॅनेजमेंटच्या मंजुरीच्या अधीन, तोवर कुठल्याही खर्चाची जबाबदारी आमची नाही. वकील म्हणाले, एलओआय म्हणजे साधारणपणे पुढे करार करायचा इरादा, तेवढ्यावर ऑर्डर पक्की होत नाही, कोर्टंही बहुतेक तसंच धरतात. त्यांनी माल साईटवर उतरवून वापरला असता तर १८७२ च्या करार कायद्याच्या कलम ७० खाली भरपाई मागता आली असती, पण माल माझ्याच शेडमध्ये पडलेला. फोनवरचं बोलणं सिद्ध कशाने करणार?

कापलेला पाईप डीलर परत घेत नाही. अख्खे पाईप त्याने भाव पाडून परत घेतले, तुकडे भंगारच्या भावात गेले, १ लाख ९० हजार बुडाले.

आता एलओआय आलं की मी उलट मेल टाकतो की यात एक ओळ घाला: करार होईपर्यंत अमुक रकमेपर्यंतचा माल घ्यायला आमची परवानगी आहे, आणि करार झाला नाही तर बिलाप्रमाणे तेवढे पैसे देऊन माल आम्ही ताब्यात घेऊ. सोबत करार कोणत्या तारखेपर्यंत होणार तेही लिहून मागतो. गेल्या महिन्यात एका होमस्टेवाल्यांनी दीड लाखापर्यंत असं लिहून दिलं, मी तेवढाच पाईप आणला. दुसऱ्या एका साईटने "लिहून नाही देणार पण काम सुरू करा" म्हटलं, तिथे मी टेपसुद्धा लावली नाही.