पीपीओचं विचारायचंय: टीम्सवर पिंग की मेल?

शेवटच्या सेमिस्टरची इंटर्नशिप जानेवारी ते जून. मे महिना उजाडला की सगळ्या इंटर्नच्या पोटात एकच गोळा असतो: कायम करणार की नाही, म्हणजे पीपीओ, इंटर्नशिपनंतरची कायम नोकरीची ऑफर, मिळणार का, हे मॅनेजरला विचारायचं कसं? मी दोन्ही प्रकारे विचारलंय, एकाच मॅनेजरला, बारा दिवसांच्या अंतराने. तेव्हा हा अनुभव एकाच माणसाचा आहे, तेवढा हिशोब धरून वाचा.

आधी पिंग केलं. हिंजवडीहून घरी जाताना, बस ट्रॅफिकमध्ये अडकलेली असताना लिहिलं, "सर, माझी इंटर्नशिप ३० जूनला संपतेय. पीपीओचं काही होईल का?" पिंगचा फायदा उघड आहे. संकोच वाटत नाही, 'डिअर सर' वगैरे लागत नाही आणि मॅनेजरचा मूड चांगला असेल तर दोन मिनिटांत उत्तर येतं. मलाही आलं. उत्तर म्हणजे मेसेजखाली उमटलेला एक अंगठा.

आता या अंगठ्याचा अर्थ काय लावायचा? हो? बघतो? की वाचलं, पुढे चल? मी दोन दिवस तो 'हो' समजून खूश होतो, तिसऱ्या दिवशी 'नाही' समजून दुसरीकडे अर्ज करत बसलो. पुन्हा विचारावं तर मागे लागल्यासारखं दिसतं, कारण आधीचा प्रश्न तिथेच वर दिसत असतो आणि त्याला 'उत्तर' दिलेलं असतं. रोज स्टँडअपला समोरासमोर भेटायचो, तेव्हा सर अगदी नेहमीसारखे. शेवटी कँटीनमध्ये चहा घेताना तेच म्हणाले, "अरे, तुझं एचआरला सांगायचंय, राहूनच जातंय."

तिथे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. होकार त्यांच्या हातात नव्हताच. त्यांना माझ्यासाठी जागा मागायची होती. ती विनंती त्यांच्या वरिष्ठांकडे, मग एचआर आणि फायनान्सकडे जाणार होती. त्यासाठी चार ओळी कोणीतरी लिहायला हव्या होत्या आणि माझ्या पिंगमध्ये पुढे पाठवण्यासारखं काहीच नव्हतं. स्क्रीनशॉट पाठवून कुणी जागा मंजूर करून घेत नाही.

त्याच संध्याकाळी मेल केला. ऑफिसच्या रिवाजाप्रमाणे इंग्रजीत, पण मजकूर साधारण असा होता:

"सर, माझी इंटर्नशिप ३० जूनला संपते. मला याच टीममध्ये पूर्णवेळ काम करायला आवडेल. रोज सकाळी हाताने जुळवावी लागणारी सेटलमेंटची फाइल आता माझ्या स्क्रिप्टने जुळते. त्यात जाणारी साधारण ४० मिनिटं वाचतात. कायम करण्याचा निर्णय कोण घेतं आणि साधारण कधीपर्यंत कळू शकेल? कॉलेजच्या प्लेसमेंट ऑफिसला मला १५ जूनपर्यंत कळवायचंय. माझ्याकडून काही कागदपत्रं हवी असतील तर देतो."

यातला कामाचा प्रश्न 'कोण आणि कधी' हा. 'घेणार का?' ला मॅनेजर एकटा उत्तर देऊ शकत नाही, म्हणून गप्प बसतो. 'कोण आणि कधी' ला त्याच्याकडे उत्तर असतं. काम मी एकच लिहिलं, कारण सहा महिन्यांची यादी कोणी वाचत नाही आणि ज्या कामाचा त्रास त्यांना स्वतःला होत होता तेच त्यांना पुढे मांडता येतं. १५ जून ही तारीख खरी होती. खोटी तारीख किंवा 'दुसरी ऑफर आहे' अशी हूल देऊ नये, कॉलेजला एक फोन केला की कळतं.

सरांनी वर एकच ओळ लिहून तो मेल एचआरला फॉरवर्ड केला, मला सीसीमध्ये ठेवून. पाचव्या दिवशी एचआरकडून कागदपत्रांची यादी आली.

मेलमध्ये खोट नाही असं नाही. न सांगता थेट मेल टाकला तर काही मॅनेजरना तो नोटिशीसारखा वाटतो. म्हणून आधी तोंडी किंवा पिंगवर "सर, एक मेल पाठवतोय, सवडीने बघा," एवढं म्हणावं. आणखी एक म्हणजे शेवटच्या दिवशी ऑफिसचं अकाउंट बंद होतं आणि चॅट, मेल दोन्ही तुमच्या हातून जातात. पण मेल निदान एचआरच्या इनबॉक्समध्ये राहतो. त्यात खाली स्वतःचा खासगी मेल आणि मोबाइल नंबर लिहून ठेवा. मी विसरलो होतो, दुसऱ्या मेलमध्ये कळवावा लागला.

दहा-बारा जणांचं स्टार्टअप असेल, मालकच मॅनेजर असेल, तर पिंगही चालेल बहुधा. तिथे फॉरवर्ड करायला पुढे कोणी नसतंच. बाकी ठिकाणी, मेच्या मध्यावर, निदान सहा आठवडे हातात असताना, मी तरी मेलच करेन. जूनच्या शेवटच्या आठवड्यात मेल केलात तर जागा मंजूर व्हायच्या आत तुमचं आयकार्ड जमा झालेलं असेल.