दोन पॉवर सप्लायचा स्विच, 14 महिन्यांनंतर: मागचा तो दिवा कोणाला दिसणार?

जळगावजवळच्या जिनिंगमध्ये हा नेटवर्क स्विच बसवून 14 महिने झाले. दुसऱ्या पॉवर सप्लायचे पैसे मालकांकडून मी भांडून घेतले होते, म्हणून मेमध्ये भर दुपारी स्विच बंद पडला तेव्हा मी फार चिडलो. दोन सप्लाय असताना हा पडतोच कसा?

वायरमन भाऊंनी रॅक भिंतीपासून ओढला आणि म्हणाले, "भाऊ, आठे तं कापूसनी गादी व्हई गयी." पंख्यांच्या जाळीवर रुईचा जाड थर बसला होता. नंतर स्विच चालू केल्यावरही एका सप्लायचा दिवा विझलेलाच राहिला, तोही पाठीमागे, भिंतीकडे तोंड करून. ही रचना मला अजूनही पटलेली नाही.

दोन्ही सप्लायच्या केबल एकाच यूपीएसवर होत्या आणि त्या दुपारी तोच यूपीएस बसला. ती चूक आमची. आता एक केबल यूपीएसवर, दुसरी वेगळ्या एमसीबीवरून थेट लाइनवर आहे. यूपीएस बायपास करून स्विच चालू केला आणि हे पाहिलं:

```
show environment all
```

इथे माझं मत बदललं. स्विच सगळं सांगत होता, विचारत आम्ही नव्हतो. एका सप्लायपुढे `OK` होतं, तर दुसऱ्यापुढे अजूनही `No Input Power`. म्हणजे स्विचला सप्लाय दिसतोय, पण त्यात वीज येत नाही. अशा वेळी आधी केबल आणि सॉकेट तपासायचं. चालू केबल अदलाबदल करून लावली तरी तेच आलं, तेव्हा सप्लायच गेल्याचं नक्की झालं. लॉगमध्ये त्याची एकच ओळ पडली असणार, आणि बफर भरला की जुन्या ओळी जातात. म्हणजे यूपीएस टिकला असता तरी आम्ही कित्येक दिवस एकाच सप्लायवर होतो.

तीन पंख्यांपैकी एक बंद होता आणि उरलेले दोन जोरात फिरत होते. आत येणारी हवा 44 अंश होती, या मॉडेलची पिवळी मर्यादा 46. रुई साफ करून एसी लावल्यावर आकडा 33 वर आला. आता ही ओळ टाकली आहे, ट्रॅप मॉनिटरिंगच्या पीसीवर येतात (तिथला पत्ता आधी `snmp-server host` ने द्यावा लागतो):

```
snmp-server enable traps envmon
```

वॉरंटीतला सप्लाय यायला 19 दिवस लागले. तेवढे दिवस दुसऱ्यावर काही आलं असतं तर हंगामात वजनकाटा थांबला असता. म्हणून असल्या पाच स्विचमागे एक सप्लाय आणि एक पंखा घेऊन ठेवला. घेताना वॅट आणि पार्ट नंबर तर जुळवाच, पण हवेची दिशाही पाहा. काही मॉडेलमध्ये पुढून मागे आणि मागून पुढे असे दोन्ही प्रकार मिळतात, आणि उलट्या दिशेचा पंखा गरम हवाच आत ओढतो. स्पेअर कपाटात ठेवून विसरत नाही. दर तीन महिन्यांनी चालू सप्लायच्या जागी बसवतो, `OK` दिसलं की निघालेला कपाटात जातो.

स्विच पुन्हा घेईन. मात्र रॅक आता भिंतीपासून दोन फूट पुढे आहे, तो दिवा दिसावा म्हणून.